मराठी वाचून दाखवणारा आवाज: काकांच्या फोनवर कोणता ठेवावा?

मोतीबिंदूमुळे नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या काकांना बारीक अक्षरं वाचणं जड जातं. म्हणून त्यांच्या अँड्रॉइड फोनवर बातम्या वाचून दाखवायची सोय केली. दुसऱ्याच दिवशी तक्रार आली: "हे तं हिंदीत बोलून रायलं बावा!"

खरंच तसं होतं. अक्षरं मराठी, पण 42 आला की 'बयालीस', आणि ज्ञानेश्वर झाले 'ग्यानेश्वर'. फोनच्या आवाजाची भाषा हिंदीवर ठेवलेली होती आणि मराठीचा आवाज उतरवलेलाच नव्हता. दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, त्यामुळे हिंदी आवाज अडत नाही, बिनधास्त वाचत सुटतो. ओळखायचं असेल तर 'बेचाळीस' म्हणतो का, एवढं ऐका.

आता निवड. मजकूर बोलून दाखवणाऱ्या गूगलच्या इंजिनात काही आवाज फोनमध्ये उतरवून ठेवता येतात, तर काहींना इंटरनेट लागतं. नेटवरचा आवाज सहसा जास्त नैसर्गिक वाटतो आणि मोठा लेख ऐकताना कानाला बरा लागतो. पण काका महिन्यातून दोनदा काटोलकडच्या संत्र्याच्या बागेत जातात, आणि तिथे रेंज येते-जाते. अशा वेळी वाचन मध्येच थांबतं, किंवा अचानक दुसराच आवाज बोलायला लागतो. त्यांच्यासाठी मी उतरवलेला आवाजच ठेवला.

सेटिंग्जमध्ये `Text-to-speech output` शोधा. (फोनच्या कंपनीप्रमाणे ते कुठेतरी आत लपलेलं असतं.) इंजिनच्या शेजारच्या चाकावर दाबा, `Install voice data` उघडा, मराठी उतरवा आणि तिथले आवाज एकेक करून ऐका. मागे येऊन भाषा मराठी करायला विसरू नका; नुसतं उतरवून काम होत नाही, काकांकडे पहिल्यांदा हेच राहिलं होतं. हे सगळं घरच्या वायफायवर उरका. मग विमान मोड लावून एक परिच्छेद वाचायला लावा. बोलला, तर आवाज खरंच फोनमध्ये आहे.

तिसरा पर्याय `eSpeak NG`. हा आवाज माणसाच्या ध्वनिमुद्रणातून नाही, नियमांनी घडवलेला आहे, म्हणून आकाराने अगदी लहान. मराठी भाषा या ॲपसोबतच येते, त्यामुळे वेगळा डेटा हरवण्याचा प्रश्नच नाही. जुन्या, भरलेल्या फोनवरही तो चटकन बोलू लागतो. वेग खूप वाढवला तरी शब्द सुटे राहतात, म्हणून स्क्रीन रीडर दिवसभर वापरणारे काही अंध लोक मुद्दाम हाच निवडतात. पण बोलतो तो डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. काकांनी दोन मिनिटांत बंद करायला लावला.

मी तो काढून मात्र टाकला नाही. गूगलचा मराठी आवाज कधी रुसला, तर त्याच पानावर इंजिन बदलायला दोन टिचक्या पुरतात.