जपानी खाऊच्या पाकिटावरचं लेबल: आठ महिने वाचल्यानंतर

25.11.08 असा शिक्का दिसला की आपल्याकडे तो २५ नोव्हेंबर २००८ असा वाचला जातो आणि चांगलं पाकीट कचऱ्यात जातं. हे फार चीड आणणारं आहे, कारण जपानमध्ये आधी वर्ष, मग महिना, शेवटी दिवस लिहितात. म्हणजे ही तारीख ८ नोव्हेंबर २०२५. कधी कधी वर्ष रेइवा, म्हणजे सध्याच्या जपानी सम्राटाच्या कारकिर्दीच्या, कालगणनेतलं असतं, तेव्हा त्या आकड्यात २०१८ मिळवायचे: रेइवा ७ म्हणजे २०२५.

पाकिटावर उत्पादनाची तारीख शोधत बसू नका. १९९५ पासून जपानने तिची सक्ती काढून मुदतीची तारीख आणली. लेबलवरच्या माहितीच्या तक्त्यात मुदतीच्या रकान्यात बहुतेक वेळा तारीख नसतेच. ती पाकिटाच्या खाली किंवा मागे छापली आहे, एवढंच तिथे लिहिलेलं असतं. तिथे जाऊन बघायचं.

तारखेआधीचे शब्द मात्र नीट ओळखा. 賞味期限, म्हणजे शोमि किगेन, ही चव उत्तम राहण्याची मुदत. वेफर्स, बिस्किटं, तांदळाचे सेनबेई यांवर हीच असते आणि ती उलटली म्हणून पदार्थ लगेच खराब झाला असं होत नाही. 消費期限, शोहि किगेन, ही मात्र खाण्याचीच मुदत. साधारण पाच दिवसांत बिघडणाऱ्या सँडविच, क्रीमचा केक अशा गोष्टींवर ती येते. ती उलटली की पैसे गेले असं समजून टाकून द्यावं. दोन्ही मुदती न उघडलेल्या पाकिटाच्या आहेत. मुदत तीन महिन्यांपेक्षा जास्त असेल तर दिवस न छापता 2026.03 एवढंच लिहायची मुभा आहे. तसं असेल तर मार्चअखेरपर्यंत निश्चिंत राहा.

आता घटक. यात शाकाहारी माणूस फसतो. सुरुवातीला वाटलं होतं की तक्त्याच्या शेवटी कंसात ॲलर्जीच्या घटकांची यादी असते, ती वाचली की काम झालं. ते मत बदलावं लागलं. अंडं, दूध, गहू, शेंगदाणे, कोळंबी अशा ठरावीक घटकांचीच सक्ती आहे. गोमांस, डुकराचं मांस, कोंबडी आणि जिलेटिन यांचा उल्लेख करा अशी फक्त शिफारस आहे. कात्सुओ हा मासा, ज्याचा अर्क जपानी चवीचा पाया आहे, तो तर त्या शिफारशीतही नाही. म्हणून 原材料名, गेनझाइर्योमेइ, हा घटकांचा रकाना पूर्ण वाचायलाच हवा.

उदाहरण म्हणून कॉन्सोमे या सूपच्या चवीचे बटाट्याचे वेफर्स घ्या. नाव आणि चित्र पाहून शंका येत नाही. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते: बटाटा, वनस्पती तेल, मग साखर, मीठ, आणि पुढे チキン, चिकिन. त्याला एकिस, म्हणजे अर्क, किंवा पावडर जोडलेलं दिसेल. बीफ, पोर्क हे इंग्रजी शब्दही कातकाना लिपीत असेच जसे ऐकले तसे लिहितात, त्यामुळे ती अक्षरं आठवडाभरात ओळखता येतात. चिनी अक्षरांपैकी 鶏 कोंबडी, 豚 डुक्कर, 牛 गाय आणि 魚 मासा एवढी चार पाठ करा. फक्त 牛乳 दिसलं तर घाबरू नका, ते गाईचं दूध आहे. यादीत तिरकी रेघ आली की तिच्यापुढे मिश्रकं सुरू होतात.

तिथेच 乳化剤 दिसतं, न्यूकाझाइ. 乳 म्हणजे दूध, म्हणून लोक हे दुधाचं समजतात. तो तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ आहे. तो सोयाबीनपासूनही बनतो, प्राण्यांच्या चरबीपासूनही. पुढे 大豆由来 असेल तर सोयाबीनचा. काहीच नसेल तर लेबलवरून ठरवता येत नाही, आणि कडक शाकाहारी घरात असं पाकीट आणू नये. जपानमधून कुणी स्वतः आणलेल्या पाकिटावर आपला हिरवा ठिपकाही नसतो.

साठवणीचे शब्द कमी आहेत. 直射日光 म्हणजे थेट ऊन आणि 高温多湿 म्हणजे उष्ण, दमट जागा. पुढे 避けて आलं की या दोन्ही टाळा. 要冷蔵 असेल तर फ्रिज हवाच, बहुधा १० अंशांखाली. चॉकलेटवर 28℃以下 दिसतं, म्हणजे २८ अंश किंवा त्याखाली. मे महिन्यातल्या पुण्यात हे कपाटात जमणार नाही. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा. नाहीतर गार चॉकलेटवर दव धरतं, वरची साखर विरघळते आणि वाळल्यावर पांढरा थर उरतो.

आतल्या लहान पुडीवर 食べられません असतं, ताबेरारेमासेन, खायची नाही. मुलांच्या हाती पाकीट देण्याआधी ती काढून घ्या.