नफा 9 लाख दाखवला, निघाला 4 लाख 30 हजार

चालू व्यवसायात भागीदार म्हणून जाणाऱ्यांनी हे वाचावं म्हणून लिहितोय. चौथा हिस्सा घेताना नावलौकिकाची किंमत नफ्याच्या दुपटीवर धरायचं ठरलं. नफा-तोटा पत्रकात नफा होता 9 लाख, म्हणून माझ्या वाट्याचे साडेचार लाख मी मोजले. आमच्या हिशेबनीसाने बँकेचा उतारा ताडून पाहिला, पैशाचा मेळ बसला. फसवणूक तिथे नव्हतीच. वर्षअखेरच्या समायोजनाच्या नोंदी मुद्दाम टाकल्या नव्हत्या.

सर्वांत मोठी खेळी भाड्यात होती. गाळ्याच्या भाडेकरूने वर्ष संपायच्या तीन महिने आधी पुढच्या बारा महिन्यांचं भाडं, 3,60,000, एकरकमी दिलं होतं. त्यातले फक्त 90,000 त्या वर्षाचे. उरलेले 2,70,000 म्हणजे व्यवसायाचं भाडेकरूला असलेलं देणं, कारण तेवढे महिने जागा त्याला अजून वापरू द्यायची होती. भाडे उत्पन्न खाते नावे आणि आगाऊ मिळालेले भाडे खाते जमा, एवढी नोंद केली असती तर ही रक्कम ताळेबंदात देण्यांच्या बाजूला दिसली असती. पण सगळी रक्कम उत्पन्नात धरली. मी आलो तेव्हा पुढचे नऊ महिने भाड्याचा एक पैसा येणार नव्हता.

मजुरीचं प्रकरण जास्त लबाडीचं. पगार पुढच्या महिन्यात देण्याची पद्धत दरवर्षी तीच असेल, तर थकलेल्या पगाराची नोंद राहून गेली तरी नफा फारसा हलत नाही, कारण मागच्या वर्षाचा एक महिना या वर्षात येतो. इथे आधी पगार महिनाअखेरीस होत असे. त्याच वर्षी शेवटच्या महिन्याचे 1,10,000 पुढे ढकलले. खतावणीत मजुरीच्या अकराच नोंदी होत्या. काम बारा महिने झालं होतं.

विम्याचा हप्ता 1,20,000 चा. पॉलिसी सुरू होऊन नऊ महिने उलटले होते, म्हणजे 90,000 खर्ची पडायला हवे होते आणि फक्त 30,000 आगाऊ विमा म्हणून शिल्लक दिसायला हवे होते. ताळेबंदात मात्र पूर्ण 1,20,000 मालमत्ता म्हणून उभे.

तिन्ही मिळून 4,70,000 चा फुगवटा. खऱ्या नफ्यावर माझा वाटा 2,15,000 झाला असता. आधीच्या मालकांना जाब विचारला तर उत्तर मिळालं, "भाड्याचे पैसे बँकेत आले नव्हते का?" आले होते, पण आलेली रक्कम आणि त्या वर्षाची कमाई एक नसते, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पैसे देण्याआधी भाडेकरार आणि पॉलिसीवरच्या तारखा स्वतः पाहा, मजुरीचे महिने मोजा, आणि वर्ष संपल्यानंतरच्या पहिल्या महिन्याचा बँक उतारा मागा. मागच्या वर्षाचे पगार त्यातच दिसतात. मला तो उतारा "अजून तयार नाही" असं सांगितलं गेलं होतं.