सेव्ह, कॅन्सल, सबमिट: छोट्या स्क्रीनवरची मराठी बटणं, काही महिन्यांच्या वापरानंतर

ॲप फॉर्म भरण्याचं आहे. माहिती भरायची, अर्धवट राहिली तर ठेवून द्यायची, पुरी झाली की धाडायची. त्यामुळे जवळपास प्रत्येक स्क्रीनच्या तळाशी तीच तीन बटणं येतात: सेव्ह, कॅन्सल आणि सबमिट. त्यांचं मराठी आता बरेच महिने रोजच्या वापरात आहे. काय टिकलं, काय काढावं लागलं आणि का, ते इथे मांडतो. सगळं अँड्रॉइड धरून आहे.

आधी जागेचा हिशोब, कारण शब्दांवरचे निम्मे वाद तिथेच मिटतात. साधारण फोन उभा धरला की स्क्रीन ३६० डीपी रुंद. दोन्ही कडांना १६-१६ सोडले, तीन बटणांच्या मधल्या दोन फटींना ८-८ दिले, की प्रत्येक बटणाच्या वाट्याला १०४ डीपी येतात. मटेरियलचं नेहमीचं बटण आत दोन्ही बाजूंना २४ डीपी रिकामे ठेवतं, म्हणजे अक्षरांसाठी उरले ५६. एवढ्या जागेत १४ एसपीच्या अक्षरात 'रद्द करा' बसतं, 'सेव्ह करा' जेमतेम बसतं आणि 'सबमिट करा' बसत नाही. आतली मोकळी जागा १२ वर आणली तर ८० डीपी मिळतात आणि 'सबमिट करा' मावतं, पण वापरणाऱ्याने फोनमध्ये अक्षरं मोठी केलेली असली की ते पुन्हा दुसऱ्या ओळीवर जातं. अक्षरं मोठी करणारे लोक अपवादाने भेटतात असं समजू नका. चाळिशी ओलांडलेल्यांचे फोन बघा.

या हिशोबातून सरळ निष्कर्ष निघतो: तळाशी दोनच बटणं ठेवायची. कॅन्सलचं काम वरच्या पट्टीतल्या मागच्या बाणाकडे दिलं आणि उरलेल्या दोघांना १६०-१६० डीपी मिळाले. नेहमीची २४ ची मोकळी जागा वजा केली तरी अक्षरांसाठी ११२ उरतात. शब्द काटछाट करून कोंबण्यापेक्षा हे कधीही बरं.

रुंदी खाणारा खरा भाग म्हणजे 'करा'. इंग्रजी क्रियापदाच्या मागे तो शेपटासारखा लावला की कोणताही शब्द लांबतो. मात्र मराठीकडे 'करा' न लागणारी सुटसुटीत क्रियापदं भरपूर आहेत: पाठवा, साठवा, हटवा, थांबवा, नोंदवा, निवडा, शोधा, जोडा, वगळा. जिथे असं एकशब्दी क्रियापद सहज जिभेवर येतं तिथे तेच घ्यावं. म्हणून 'डिलीट करा'च्या जागी 'हटवा' आणि 'स्किप करा'च्या जागी 'वगळा' आले, आणि त्यांच्याबद्दल आजवर एकही प्रश्न आलेला नाही.

हाच नियम सेव्ह आणि सबमिटला लावला तर 'साठवा' आणि 'पाठवा' मिळतात. सुटे पाहिले तर दोन्ही उत्तम. पण शेजारी-शेजारी दोन बटणांवर ठेवून पाहा. पहिलं अक्षर सोडलं तर दोन्ही शब्द हुबेहूब सारखे, लांबी सारखी, शिरोरेघेखालचा आकार सारखा. घाईत वाचणारा माणूस अक्षरं वाचत नाही, शब्दाचा आकार पाहतो, आणि इथे आकार एकच आहे. अर्धवट अर्ज पाठवला जाणं ही या ॲपमधली सगळ्यात महाग चूक, कारण पाठवलेला अर्ज परत उघडत नाही. तेव्हा या जोडीतला एक शब्द जाणं भागच होतं. 'पाठवा' ठेवला आणि सेव्हसाठी 'सेव्ह करा'. फोन वापरणाऱ्या प्रत्येकाला 'सेव्ह' कळतं, नंबरसुद्धा लोक सेव्हच करतात. 'जतन करा'चाही विचार झाला. शब्द चांगला आहे, पण जतन करतात ते जुने दागिने आणि पत्रं. दोन तासांनी पुन्हा उघडायच्या अर्ध्या अर्जाला तो भारी पडतो.

'सबमिट' म्हणजे दरवेळी 'पाठवा' असं मात्र नाही. माहिती कुणाकडे तरी जाते तिथे 'पाठवा' चपखल. मत, तक्रार, हजेरी यांना 'नोंदवा' अधिक बरोबर. प्रश्नमंजुषेत 'उत्तर द्या'. 'सादर करा' अधिकृत वाटतं आणि सरकारी फॉर्ममध्ये लोकांनी ते पाहिलेलंही असतं, पण रुंदीत ते 'पाठवा'च्या पुढे जातं आणि अर्थामध्ये काहीच भर घालत नाही. 'पाठवा'ची एक अडचण वापरात दिसली: नेटवर्क नसताना बटण दाबलं की अर्ज फोनमध्येच रांगेत थांबतो आणि माणूस मात्र तो गेला असं धरून चालतो. त्याचं उत्तर बटणावर सापडत नाही. यादीत त्या अर्जापुढे 'पाठवायचा बाकी' असं लिहून आल्यावर गोंधळ थांबला.

आता 'रद्द करा'. सगळ्यात जास्त वेळ याने खाल्ला. इंग्रजी फाइलमध्ये कॅन्सलची एकच नोंद असते आणि ती सगळीकडे वापरलेली असते. भाषांतर करणाऱ्याला ती एकदाच दिसते, तो 'रद्द करा' लिहून पुढे जातो. मग पाठवलेला अर्ज मागे घ्यायच्या स्क्रीनवर असा डायलॉग उघडतो: 'अर्ज रद्द करायचा?' आणि खाली दोन बटणं, 'रद्द करा' आणि 'हो'. पहिलं बटण डायलॉग बंद करतं, पण वाचणाऱ्याला वाटतं तेच अर्ज रद्द करतं. इंग्रजीतही हा घोळ आहेच. मराठीत तो जास्त जाणवतो, कारण वर प्रश्नात आणि खाली बटणावर अगदी तेच शब्द येतात.

उपाय म्हणजे एका नोंदीच्या तीन नोंदी करणं. नुसता डायलॉग बंद होणार असेल तर 'नको' किंवा 'मागे'. चालू असलेलं अपलोड तोडायचं असेल तर 'थांबवा'. आणि अर्ज, वेळ, मागणी असं काहीतरी खरोखर रद्द होणार असेल तेव्हाच 'रद्द करा'. वरचा डायलॉग आता असा आहे:

```xml
<string name="appl_cancel_title">अर्ज रद्द करायचा?</string>
<string name="appl_cancel_yes">हो, रद्द करा</string>
<string name="appl_cancel_no">नको, राहू द्या</string>
<string name="upload_stop">थांबवा</string>
```

'नको' हा शब्द इतका आखूड आणि इतका नेमका आहे की तो बटणांवर अधिक का दिसत नाही याचंच नवल वाटतं. कोरडा वाटला तर 'राहू द्या' जोडावं. जागा कमी असेल तर एकटाही पुरतो.

जागा वाचवायला 'करा' गाळून नुसतं 'रद्द' लिहायचा मोह होतो. तो टाळा. यादीत 'रद्द' ही अर्जाची स्थिती म्हणूनही येते, आणि तोच शब्द बटणावर आला की हे बटण आहे की शिक्का, हे कळत नाही. बटणावर आज्ञार्थ आणि स्थितीत झालेली क्रिया, हा भेद शेवटपर्यंत पाळला. 'झाला, झाली, झाले'चा प्रश्न त्यातूनच उभा राहतो. '%s सेव्ह झाले' असा एकच साचा ठेवला तर 'फाइल सेव्ह झाले' आणि 'अर्ज सेव्ह झाले' असं तोतरं मराठी तयार होतं. गोष्टी मोजक्याच असतील तर प्रत्येकीचं पूर्ण वाक्य वेगळं लिहावं: 'अर्ज सेव्ह झाला', 'फाइल सेव्ह झाली'. नाव वापरणाऱ्याने दिलेलं असेल तर 'सेव्ह केलं: %s' असं अपूर्णविरामाने सोडवावं.

बटणाला एकाच ओळीची सक्ती असेल आणि शब्द मावला नाही, की अँड्रॉइड शेवट कापून तीन टिंबं लावतं. इंग्रजीत यात फारसं बिघडत नाही, कारण नकार सुरुवातीला असतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि नकार त्याच्याही शेवटी. 'सेव्ह करू नका' हे बटण अरुंद जागेत 'सेव्ह करू…' होतं, म्हणजे नेमका उलटा अर्थ! ही चूक डेस्कवरच्या मोठ्या फोनवर कधीच दिसत नाही. म्हणून बटणावर 'नका'ने संपणारं काहीच ठेवायचं नाही असं ठरलं. त्या जागी आता 'न ठेवता बाहेर' आहे: नकार पुढे असल्याने कापलं गेलं तरी अर्थ शाबूत राहतो. बटणांना एका ओळीची सक्ती न करता दोन ओळींची मुभा दिली, तर ही वेळ मुळात कमी येते.

रुंदीइतकंच उंचीकडे पाहावं लागतं. बटणाची उंची ३६ डीपीला बांधून टाकली आणि अक्षरं मोठी असली की वरचे अनुस्वार-वेलांट्या आणि खालचे उकार छाटले जातात. 'नोंदवा'चं 'नोदवा' होतं आणि कुणाला ते लगेच लक्षातही येत नाही. तपासायला 'मूर्तींतून' हा शब्द बटणावर घालून पाहावा: त्यात रफार, वेलांटी, अनुस्वार वर आहेत आणि उकार खाली आहेत. उंची `wrap_content` आणि `minHeight` ४८ डीपी ठेवली की प्रश्न संपतो. अँड्रॉइड १५ साठी बांधलेल्या ॲपमध्ये `elegantTextHeight` आपोआप चालू असतं, त्यामुळे ओळी आधीपेक्षा उंच होऊ शकतात. जुना मांडणीचा हिशोब तिथे पुन्हा तपासावा.

दुसरी खोड `letterSpacing`ची. मटेरियलच्या आधीच्या आवृत्तीत बटणातली अक्षरं मुद्दाम विरळ केलेली असतात. लॅटिनला ते शोभतं, देवनागरीत शिरोरेघ अक्षराअक्षरांच्या मध्ये तुटते आणि 'पाठवा' तीन तुकड्यांत दिसतो. मराठीसाठी ते शून्य करावं. `textAllCaps` तर देवनागरीत काहीच करत नाही. इंग्रजी बटण ज्यावर उठून दिसत होतं तो आधार गेल्यामुळे मुख्य बटणाला भरीव रंग आणि दुय्यम बटणाला नुसती कड देणं गरजेचं झालं.

स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सोयीसाठी बटणाचं नाव मात्र पूर्ण ठेवता येतं, तिथे जागेची अडचण नाही. दिसायला 'पाठवा', ऐकायला 'अर्ज पाठवा'. दिसणारा शब्द ऐकू येणाऱ्या नावात जसाच्या तसा असला पाहिजे, नाहीतर बोलून बटण दाबणाऱ्याला ते सापडत नाही.

अजून न सुटलेलं एकच: 'पुन्हा प्रयत्न करा'. दोन बटणांच्या ओळीत ते कसंबसं बसतं आणि मोठ्या अक्षरांत हमखास मोडतं. 'पुन्हा करा' आखूड आहे, पण नेटवर्क तुटल्यावर वापरणाऱ्याने नेमकं काय पुन्हा करायचं? तूर्त तिथे पूर्ण रुंदीचं एकच बटण ठेवलं आहे आणि 'पुन्हा पाठवा' जिथे अर्थाने चालतं तिथे तेच.