बलून कारलोनचे अकरा महिने: १८० रुपयांचा फरक कुठून आला

गाडीबद्दल यात काही लिहिलेलं नाही, गाडी छान चालते. हे लिहितेय ते तिच्या कर्जाबद्दल. अकरा हप्ते भरून झालेत आणि त्यातले जवळजवळ तीन महिने मी १८० रुपयांवरून भांडले आहे.

कर्ज ८ लाखांचं, व्याज ९ टक्के, स्थिर दर, मुदत ५ वर्षं. शेवटी २ लाख ४० हजार एकरकमी भरायचे, म्हणून दरमहाचा हप्ता कमी. माझी एक विमा पॉलिसी पाच वर्षांनी पिकते आणि तिचे अडीच लाखांच्या आसपास येतील, म्हणून हा बलून लोनचा प्रकार निवडला. साध्या कर्जाला हप्ता १६,६०७ बसत होता. इथे १३,६०५ सांगितला. महिन्याला तीन हजार वाचतात म्हणून सही केली.

आठव्या महिन्यात घरखर्चाची शीट नीट लावायला बसले आणि म्हटलं, हा हप्ता आपणही काढून बघू. शीटमध्ये हप्ता काढायचं PMT नावाचं सूत्र असतं, त्यात आपण बहुतेक वेळा तीनच आकडे भरतो: दर, महिने, कर्ज. चौथी जागा असते शेवटी किती शिल्लक राहणार त्याची. ती रिकामी ठेवली तर शून्य धरली जाते, म्हणजे कर्ज पूर्ण फिटलं. बलून लोनमध्ये सगळा खेळ त्या चौथ्या जागेचा आहे.

```
=PMT(9%/12,60,800000,240000)
```

उत्तर आलं १९,७८९. साध्या कर्जापेक्षाही जास्त! शेवटी मोठी रक्कम ठेवली तर हप्ता कमी व्हायला हवा, वाढला म्हणजे चिन्ह चुकलंय. कर्जाचे ८ लाख माझ्याकडे आले म्हणून अधिक; शेवटचे २ लाख ४० हजार माझ्याकडून जाणार, म्हणून ते वजा हवेत. दोन्ही अधिक ठेवले की शीट समजते की शेवटी ती रक्कम मलाच मिळणार आहे, आणि त्यासाठीची बचतही हप्त्यात धरते. वजा चिन्ह लावलं:

```
=PMT(9%/12,60,800000,-240000)
```

आता १३,४२५. (उत्तर वजा येतं, कारण हप्ताही आपल्याकडून जातो.) पण माझ्या खात्यातून जातात १३,६०५. दरमहा १८० जास्त, साठ महिन्यांचे १०,८००. माझ्या घरचं महिन्याचं दूध यापेक्षा कमी पैशांत येतं. मी शाखेत गेले.

तिथल्या मुलीने सांगितलं, "मॅडम, राउंडिंगचा फरक असतो तो." राउंडिंगमध्ये पैसे इकडेतिकडे होतात, १८० रुपये नाहीत. हेल्पलाइनवाल्यांनी प्रोसेसिंग फी म्हणून सांगितलं, पण ती मी सुरुवातीलाच चेकने भरली होती. ॲपमध्ये पुढचे फक्त बारा हप्ते दिसतात. परतफेडीचं पूर्ण वेळापत्रक मागायला तीन मेल केले आणि ते यायला पाच आठवडे लागले. माझी खरी तक्रार ही आहे. कर्ज देताना तो कागद हातात ठेवला असता तर पुढचं काहीच घडलं नसतं.

वेळापत्रकात साठावी ओळ बघितली आणि उलगडा झाला. तिथे २,४०,००० लिहिलेत, फक्त तेवढेच. साठावा हप्ता त्यासोबत नाहीच. म्हणजे १३,६०५ चे हप्ते ५९ आहेत आणि साठाव्या महिन्यात एकटी मोठी रक्कम. मी मात्र ६० हप्ते आणि वर मोठी रक्कम असं धरलं होतं. त्या न घेतलेल्या साठाव्या हप्त्याचा भार आधीच्या ५९ वर थोडाथोडा पसरला, तेच माझे १८० रुपये. शीटमध्ये हे असं बसतं:

```
=PMT(9%/12,59,800000,-240000/(1+9%/12))
```

५९ व्या हप्त्यानंतर खात्यात २,३८,२१३ शिल्लक राहायला हवेत. त्यावर एका महिन्याचं व्याज चढलं की २,४०,००० होतात. म्हणून शेवटची रक्कम एका महिन्याने मागे आणली. उत्तर बरोबर १३,६०५. कंपनीने एक रुपयाही जास्त घेतलेला नाही. मी शाखेतल्या त्या मुलीला फोन करून तसं सांगितलं आणि लेखी तक्रारही मागे घेतली. म्हणून तुमच्या वेळापत्रकाची शेवटची ओळ आधी बघा: तिथे नुसती मोठी रक्कम आहे की हप्ता अधिक मोठी रक्कम. त्यावरून ठरतं की शीटमध्ये ५९ घालायचे की ६०.

एवढं होईपर्यंत माझं या कर्जाबद्दलचं मत मात्र बदललं, आणि १८० रुपयांमुळे नाही.

हिशोब करताना एक गोष्ट दिसली. ६० हप्त्यांची जुनी मांडणी घ्या. तो १३,४२५ चा हप्ता दोन तुकड्यांत फोडता येतो: ५ लाख ६० हजारांच्या साध्या कर्जाचा हप्ता ११,६२५, आणि २ लाख ४० हजारांवरचं नुसतं व्याज १,८००. म्हणजे शेवटच्या रकमेतलं मुद्दल पाच वर्षं जिथल्या तिथे राहतं आणि तिचं व्याज मी दरमहा पूर्ण भरते. हप्ता हलका वाटतो तो यामुळे.

माझ्या खऱ्या मांडणीत एकूण व्याज साधारण २,४२,७०० होतं. साध्या कर्जात १,९६,४०० झालं असतं. सुमारे ४६ हजार जादा. अकरा हप्त्यांनंतर आज किती बाकी आहे तेही FV या सूत्राने काढलं:

```
=FV(9%/12,11,-13605,800000)
```

७,१३,१३६, चिन्ह इथेही वजाच येतं. दीड लाख भरले, त्यातून मुद्दल फक्त ८६,८६४ ने उतरलं. साधं कर्ज असतं तर आज बाकी ६,७८,८५१ असती. गाडी मध्येच विकावी लागली तर हा ३४ हजारांचा फरक माझ्याच खिशातून जाणार, कारण विकणाऱ्याला बाकी फेडल्याशिवाय आरसीवरचा बोजा उतरवता येत नाही.

मग वाटलं, वाचणारे तीन हजार दरमहा बँकेच्या आवर्ती ठेवीत टाकू, म्हणजे शेवटच्या रकमेसाठी पॉलिसीची वाट बघायला नको. त्यालाही तेच PMT, फक्त कर्जाच्या जागी शून्य:

```
=PMT(6%/12,60,0,240000)
```

६ टक्के धरले तर महिन्याला ३,४४० लागतात. माझे वाचतात ३,००२. दरमहा ४३८ कमी पडतात, मुख्यतः कर्जावर मी ९ टक्के भरते आणि आवर्तीवर ६ मिळवते म्हणून. आवर्तीच्या व्याजावर कर लागला तर आणखी कमी.

तर ज्यांना शेवटी ठरलेली मोठी रक्कम खात्रीने मिळणार आहे, पिकणारी पॉलिसी किंवा निवृत्तीचे पैसे, त्यांना हे कर्ज जमेल, पण त्याची किंमत जादा व्याजात मोजावी लागेल, माझी ४६ हजार आहे. नुसता हप्ता कमी म्हणून घेणाऱ्याला मी हे सुचवणार नाही. आज घ्यायचं असतं तर मी शेवटची रक्कम १ लाखावर आणली असती. हप्ता साधारण १५,५०० झाला असता आणि तो मला झेपला असता.

मी पार्ट-पेमेंटबद्दल विचारलंय. करारात त्यावर शुल्क आहे. शिवाय मधे भरलेली रक्कम हप्त्यातून वजा होणार की शेवटच्या २ लाख ४० हजारांतून, हे करारात लिहिलेलं नाही. मला ती शेवटच्या रकमेतून वजा व्हायला हवी आहे. गेल्या आठवड्यात तसं लेखी मागितलंय, उत्तर अजून यायचंय.