मल्टिव्हिटॅमिन, व्हिटॅमिन सी की झिंक? कसून सराव करणाऱ्यांनी पैसे कशावर खर्चावेत

या तिघांपैकी व्हिटॅमिन सीच्या बाजूने सर्वांत ठोस पुरावा आहे, पण तो फार थोड्या लोकांना लागू पडतो. दक्षिण आफ्रिकेतील सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीत महाराष्ट्रातूनही अनेक धावपटू जातात. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या शर्यतीतील काही धावपटूंना आधीचे २१ दिवस रोज ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी दिले गेले. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत त्यांच्यापैकी ३३ टक्क्यांनी सर्दी-घशाची तक्रार सांगितली, तर नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण ६८ टक्के होते. मॅरेथॉन धावपटू, स्कीपटू आणि कडाक्याच्या थंडीत कवायती करणारे सैनिक यांच्यावरील पाच प्रयोग एकत्र पाहिले, तरी सर्दीचा धोका जवळजवळ निम्मा झालेला दिसतो. सर्वसामान्य माणसांत मात्र रोज गोळी घेऊनही सर्दी होण्याचे प्रमाण घटत नाही. म्हणजे जिममध्ये आठवड्यातून चार दिवस तासभर वजने उचलणाऱ्याला हा निष्कर्ष आपला मानता येणार नाही.

शिवाय जास्त मात्रा वर्षभर घेण्याची एक किंमत आहे. व्यायामाच्या वेळी स्नायूंत तयार होणारे ऑक्सिडंट रेणू केवळ अपायकारक नसतात. शरीराने सरावाशी जुळवून घ्यावे, हा इशाराही तेच देतात. नॉर्वेतील २०१४ च्या अभ्यासात रोज १००० मिलिग्रॅम सी आणि त्याच्या जोडीला व्हिटॅमिन ई घेणाऱ्यांच्या स्नायूंत सहनशक्तीशी संबंधित काही बदल कमी दिसले. त्यांच्या प्रत्यक्ष क्षमतेत फरक पडला नाही हे खरे; पण फायदा नसताना असा अडथळा विकत का घ्यावा? ज्यांना पूर्वी मूतखडा झाला आहे, त्यांनी तर हजार मिलिग्रॅमच्या गोळ्यांपासून दूरच राहावे. माझ्या मते मोठ्या शर्यतीआधीचे तीन आठवडे गोळी घ्यावी आणि एरवी पेरू, आवळा व लिंबू यांवर भागवावे. एका मध्यम पेरूतून दिवसाची गरज सहज भागते.

झिंकची गोष्ट निराळी आहे, कारण तेथे वेळ आणि गोळीचा प्रकार निर्णायक ठरतो. सर्दीची चाहूल लागल्यापासून २४ तासांच्या आत चघळायची गोळी सुरू केली, ती तोंडात सावकाश विरघळू दिली आणि दिवसभरात ७५ मिलिग्रॅमहून अधिक झिंक पोटात गेले, तर काही प्रयोगांत आजार लवकर ओसरला. मात्र सर्व प्रयोगांचे निष्कर्ष सारखे नाहीत. ही मात्रा काही दिवसांपुरतीच असते. प्रौढांसाठी दीर्घकाळची सुरक्षित मर्यादा रोज ४० मिलिग्रॅम आहे आणि ५० मिलिग्रॅमची गोळी महिनोन्महिने घेतल्यास शरीरातील तांबे कमी होऊन रक्तक्षय व हातापायांत बधिरपणा येऊ शकतो. टेस्टोस्टेरॉन वाढेल या आशेने झिंक घेणाऱ्या, आहार पुरेसा असलेल्या तरुणांचे पैसे वाया जातात. खरी शंका घ्यावी ती मुख्यतः पोळी-भात-वरणावर राहणाऱ्या शाकाहारी खेळाडूंबद्दल, कारण धान्य-डाळींतील फायटेट झिंक अडवून धरते. कडधान्यांना मोड आणणे आणि पीठ आंबवणे यांमुळे ही अडचण बरीच कमी होते.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल १९९२ मध्ये ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग सांगण्यासारखा आहे. प्रशिक्षणार्थी खेळाडूंना सात-आठ महिने गोळ्या देऊनही एकंदर कामगिरी सुधारली नाही. गोळीनंतर लघवी गडद पिवळी होते तेव्हा ती ‘लागू पडली’ असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो जादा झालेल्या बी-२चा, म्हणजे रायबोफ्लेविनचा, रंग असतो.

समजा, पुण्यातील २८ वर्षांची शाकाहारी धावपटू जानेवारीतील मुंबई मॅरेथॉनसाठी आठवड्याला ५० किलोमीटर धावते. चढावर तिला पूर्वीपेक्षा लवकर धाप लागते, हिमोग्लोबिन मात्र ठीक आहे. तिने मल्टिव्हिटॅमिन सुरू केले, तर त्यातील लोह बहुधा अपुरे पडेल आणि त्याच गोळीतील कॅल्शियम ते शोषले जाण्यात आडवे येईल. त्याऐवजी तिने शरीरातील लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन, बी-१२ आणि व्हिटॅमिन डी तपासून घ्यावे. फेरिटिन कमी निघाले, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने स्वतंत्र लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घ्यावी आणि चहा त्याआधी-नंतर तासभर टाळावा. येथे व्हिटॅमिन सी खरोखर उपयोगी पडते, तेही काही रुपयांच्या लिंबातून. मल्टिव्हिटॅमिनचा खर्च मी मान्य करीन तो वजनगटासाठी आहार तोडणारा कुस्तीगीर किंवा मुष्टियोद्धा यांच्यासाठी, आणि तोही आहार पूर्ववत होईपर्यंतच.