सीओडी, पूर्ण आगाऊ की थोडे आधी? लिस्टिंगमध्ये काय लिहावे

खणाच्या साड्या विकताना मी तिन्ही पद्धती वापरल्या आहेत. पूर्ण सीओडीवर ऑर्डर पटापट येतात, यात वाद नाही. पूर्ण आगाऊमध्ये पार्सल परत येत नाही, पण नवीन गिऱ्हाईक 'ताई, आधी पैसे कशाला?' विचारून गायब होते. ओळखीचे गिऱ्हाईक असेल तर हीच पद्धत सरळ.

माझा निर्णय मात्र एका कटकटीने केला. दारात पार्सल आले की लोक म्हणतात, 'उघडून बघते, मग पैसे देते.' बहुतेक कुरिअरवाले पैसे मिळाल्याशिवाय पार्सल उघडू देत नाहीत. मग तिथेच हुज्जत, पार्सल परत, आणि जाण्यायेण्याचे दोन्ही भाडे आपल्या माथी. साडी आठवडाभर वाटेत अडकते ती वेगळीच. गिऱ्हाईक खोटे असते असे नाही. उघडता येणार नाही हे त्याला कोणी आधी सांगितलेलेच नसते. बारीक अक्षरात, फोटोंच्या खाली लिहिलेले कोणी वाचत नाही, म्हणून मी ते किमतीच्या लगेच खाली लिहिते:

'साडी 1250 + डिलिव्हरी 90 + सीओडी 60 = एकूण 1400. आधी 200 यूपीआयने, उरलेले 1200 दारात. पैसे दिल्यावरच पार्सल उघडता येईल. पार्सल नाकारल्यास 200 परत मिळणार नाहीत. साडी फाटकी, डागाळलेली किंवा चुकीची आली तर 48 तासांत फोटो पाठवा. परतीचे भाडे आमचे, सगळे पैसे परत.'

हे 200 हवेतून काढलेले नाहीत. जाण्याचे 90, येण्याचे 90, म्हणजे पार्सल परत आले तरी खिशाला चाट नाही. शिवाय 200 भरलेला माणूस सहसा फोन उचलतो, हा माझा अनुभव. तुमच्याकडे वेगळा असू शकेल.

परतीबद्दल 'नो रिटर्न, नो एक्सचेंज' एवढेच लिहिणारे बरेच दिसतात. मार्केटप्लेसवरून विकत असाल तर ते टिकत नाही. ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांप्रमाणे माल सदोष असेल, दाखवल्यासारखा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर पोहोचला असेल, तर विक्रेत्याला तो परत घ्यायला नकार देता येत नाही. 'रंग आवडला नाही' ही गोष्ट निराळी. तिथे मी फक्त बदलून देते, घडी न मोडलेली असेल तर, आणि भाडे गिऱ्हाइकाचे. हेही वेगळ्या ओळीत लिहावे, नाहीतर दोन्ही प्रकारांची गल्लत होते.

अडीचशेच्या कानातल्यांवर मात्र थोडे आधी, थोडे दारात हा खटाटोप परवडत नाही. तिथे 60 रुपये सीओडीपायीच जातात. त्यांच्यावर मी पूर्ण आगाऊच लिहिते.