पहाटे चारला नागपूर स्टेशन, आणि गाव कुहीच्या पुढे

रातगाडीने पहाटे चारच्या सुमारास नागपूरला उतरलं की पुढचा हिशेब सुरू होतो. उदाहरणाला कुही घेऊ. नागपूरपासून सुमारे 40 किलोमीटर, आणि आपलं गाव तिथून आणखी 6 किलोमीटर आत.

गावची पहिली एसटी पहाटे मिळेल, या भरवशावर राहू नका. रात्री गावात थांबणारी मुक्कामी गाडी पहाटे निघते ती नागपूरकडे. ती इथे पोचून परत फिरेपर्यंत सकाळ सरते. तालुक्याची गाडी मात्र लवकर लागते, म्हणून चौकशी गावाच्या नव्हे, कुहीच्या पहिल्या गाडीची करायची. त्यासाठी गणेशपेठ गाठावं लागतं. मुख्य दारापेक्षा संत्रा मार्केटकडच्या दाराने बाहेर पडलेलं बरं. ऑटोवाल्याला नुसतं 'बसस्टँड' न म्हणता 'गणेशपेठ' म्हणा, नाहीतर मोरभवनला उतरवेल.

दुसरी वाट टॅक्सीची. परतीची सवारी मिळणार नसल्याने ड्रायव्हर येणं-जाणं दोन्हीचे पैसे धरतो. कुहीपर्यंतचेच 80 किलोमीटर आणि 12 रुपये दर धरला तरी 960 रुपये. अ‍ॅपवरून बोलावली तर आधी 'कहां जाना है' असा फोन येतो, आणि गावाचं नाव ऐकून बुकिंग रद्दही होतं.

आता समजा सासू 76 वर्षांची, सोबत सून आणि मुलगा. एसटीत 75 च्या वरच्यांना तिकीट नाही (आधार कार्ड हाताशी ठेवा) आणि बाईमाणसाला अर्धं. म्हणजे तिघांचं भाडं दीड तिकिटात भागतं. टॅक्सीशी तुलनाच नको.

तिसरा मार्ग म्हणजे घरच्या कुणाला मोटारसायकल घेऊन स्टेशनवर बोलावणं. मला हा अजिबात पटत नाही. उमरेड रोडला अंधारात रोही नि रानडुक्कर आडवे येतात, हिवाळ्यात धुकं वेगळंच. शिवाय गाडी लेट झाली तर तो बिचारा तीनपासून ताटकळतो. त्यालाच कुहीच्या स्टँडवर उजाडल्यावर बोलवा. शेवटचे 6 किलोमीटर सुटतात आणि म्हातारीला काळीपिवळी भरायची वाट पाहावी लागत नाही.

मेट्रो साधारण सहाला सुरू होते, त्यामुळे पहाटेच्या अडचणीत ती कामाची नाही. हिंगणा किंवा वर्धा रोडकडच्या गावांना तिचा उपयोग आहे, कुहीला नाही.

म्हणून मी स्टेशनवरच उजाडू देईन. प्रतीक्षालयात बसायचं, रेल्वेचं तिकीट जपून ठेवायचं (तिथे विचारतात), आणि साडेपाचच्या सुमारास गणेशपेठला निघायचं. टॅक्सी मी दोनच वेळी करेन: सोबत आजारी माणूस असेल, किंवा चार-पाच जण भरगच्च सामानासह असतील. तेव्हाही भाडं गावाच्या पारापर्यंतचं ठरवा, नुसतं कुहीपर्यंतचं नको. नाहीतर फाट्यावर गाडी थांबते आणि आतल्या 6 किलोमीटरचा नवा सौदा तिथे, सामान डिकीत असताना, करावा लागतो.